रोजचे आठ किलोमीटर आणि स्कूटरचा हिशेब

आमच्या इस्लापूरसारख्या गावात आता जवळपास प्रत्येक घरातली एखादी बाई स्कूटर चालवते. मुलांना शाळेत आणि संध्याकाळी मकतबला सोडणे, किराणा, दळण, दवाखाना, आठवडी बाजार, कधी सासूबाईंना मागे बसवून नातेवाइकांकडे नेणे ही सगळी कामे त्याच गाडीवर होतात. आणि पेट्रोल शंभरी ओलांडून बसल्यापासून प्रत्येक घरात एकच प्रश्न ऐकू येतो: "पेट्रोलची काढून बॅटरीची घ्यावी का?" उत्तर देणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, "बॅटरीची गाडी म्हणजे फुकटात फिरणे." दुसरा म्हणतो, "दोन वर्षांत बॅटरी बसते, मग गाडी अंगणात उभी." दोघेही पूर्ण चुकीचे नाहीत, पण रोज किती किलोमीटर चालवता, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे.

माझ्या धाकट्या जावेने हाच प्रश्न मला विचारला, तेव्हा मी तिला आधी महिनाभर वही ठेवायला सांगितले. तिच्याकडे पाच वर्षांची पेट्रोल स्कूटर आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकी काठोकाठ भरायची, मीटरवरचा आकडा लिहायचा. पुढे जेव्हा जेव्हा पेट्रोल टाकायचे तेव्हा लिटर लिहायचे, आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा काठोकाठ भरून मीटर पाहायचे. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हे खरे मायलेज. काट्याकडे पाहून किंवा "शंभराचे टाकले की चार दिवस जाते" अशा अंदाजाने ते कधीच कळत नाही.

महिनाअखेरीस वहीत निघाले 200 किलोमीटर आणि 5 लिटर पेट्रोल. म्हणजे कामाच्या दिवशी सरासरी आठ किलोमीटर आणि लिटरला चाळीस. जाऊ म्हणाली, "भाभी, दुकानदार तर पन्नासच्या वर सांगत होता. गाडी बिघडली का?" गाडी बिघडलेली नव्हती. तिच्या फेऱ्याच तशा आहेत. घरापासून शाळा एक किलोमीटर, शाळेपासून किराणा अर्धा. इंजिन थंड असताना त्याला जास्त पेट्रोल लागते, आणि ते नीट तापायच्या आत आपण गाडी बंद करतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. त्यात गल्लीतले खड्डे, गतिरोधक, वळणे. त्यामुळे गृहिणीच्या स्कूटरचे मायलेज हमरस्त्यावर चालणाऱ्या त्याच स्कूटरपेक्षा नेहमी कमी येते. हिशेब करताना कंपनीचा आकडा धरायचा नाही, आपल्या वहीतला धरायचा.

अशा छोट्या फेऱ्यांचा दुसरा परिणाम इंजिन ऑइलवर होतो. इंजिन पुरते तापत नाही म्हणून आतला ओलावा आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये राहतो, आणि ऑइल लवकर पातळ व काळे होते. "अजून किलोमीटर कुठे झालेत" म्हणून दीड-दोन वर्षे ऑइल न बदलणे अशा गाडीला महाग पडते. कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदलायचे. जाऊ वर्षातून दोनदा बदलते. ऑइल, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक आणि तीन-चार वर्षांनी लागणारी स्टार्टरची छोटी बॅटरी असे सगळे धरून तिचा देखभालीचा खर्च वर्षाला सरासरी 2,200 रुपये येतो. पेट्रोल 105 रुपये लिटर धरले तर महिन्याला 525, वर्षाला 6,300 रुपये.

आता विजेची बाजू. माझ्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेकडे लिथियम बॅटरीची स्कूटर आहे. तिने चार्जिंगच्या सॉकेटवर युनिट मोजणारे छोटे मीटर बसवले आहे. त्यावरून शंभर किलोमीटरला भिंतीतून साधारण 4 युनिट लागतात. बॅटरीत जाते त्याहून थोडी जास्त वीज लागते, कारण चार्जर तापतो आणि काही वीज तिथेच जाते. याप्रमाणे जावेच्या 200 किलोमीटरला महिन्याला 8 युनिट लागतील.

आठ युनिटचे पैसे किती? इथे पुष्कळ जण फसतात. वीजबिलाची एकूण रक्कम एकूण युनिटने भागतात आणि तोच दर धरतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर कमी आणि 101 ते 300 युनिटचा दर जवळपास दुप्पट असतो. स्कूटरची युनिटे घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. बिलात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क असे सगळे मिळवले तर आमच्याकडे पहिल्या टप्प्यात युनिटला सात रुपयांच्या आत-बाहेर आणि दुसऱ्यात तेरा रुपयांच्या आसपास पडते. जावेच्या घरी फ्रिज, पंखे, मोटार मिळून 130 युनिट जळतात. म्हणून तिला स्कूटरचे एक युनिट तेरा रुपयांना पडेल, आणि आठ युनिटचे होतील 104 रुपये. ज्या घरात महिन्याला सत्तर-ऐंशीच युनिट लागतात, तिथे हेच काम 56 रुपयांत होईल. आपल्या बिलावर गेल्या वर्षभराचा वापर छापलेला असतो. तो पाहून आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे ठरवावे, आणि उन्हाळ्यातले कूलरचे महिने विसरू नयेत.

तर 525 च्या जागी 104. महिन्याला 421 रुपये वाचले, वर्षाला साधारण 5,050. विजेच्या गाडीला ऑइल, प्लग, फिल्टर नाही. ब्रेक, टायर, धुणे आणि तपासणी एवढेच. त्याला वर्षाला हजार रुपये धरले तर तिथे 1,200 वाचतात. पीयूसी लागत नाही. थर्ड पार्टी विमाही थोडा स्वस्त आहे: 75 ते 150 सीसीच्या गाडीला वर्षाला 714 रुपये, तर 3 ते 7 किलोवॅट मोटारीच्या विजेच्या गाडीला 607. हे सगळे मिळून जावेची वर्षाची बचत झाली 6,400 रुपये. म्हणजे महिन्याला सव्वापाचशेच्या वर. एवढे ऐकून तिचा चेहरा खुलला. पण हिशेब इथे थांबवता येत नाही, कारण यात बॅटरीचा खर्च आलेलाच नाही.

पेट्रोलच्या गाडीत आपण इंधन रोज थोडे थोडे विकत घेतो. विजेच्या गाडीत त्यातला मोठा भाग गाडी घेतानाच, बॅटरीच्या रूपाने, एकरकमी विकत घेतलेला असतो. आणि ही बॅटरी दोन कारणांनी म्हातारी होते. एक, चालवल्याने; दुसरे, नुसता काळ गेल्याने. जास्त चालवणारा माणूस बॅटरी म्हातारी होण्याआधी तिच्याकडून भरपूर काम करून घेतो. रोज आठ किलोमीटर चालवणाऱ्या बाईची बॅटरी मात्र कामाने नव्हे, वयाने म्हातारी होते. पैसे पूर्ण दिलेले असतात, काम अर्धेही घेतलेले नसते.

लहान गावांत मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांत हे सर्वात लवकर दिसते. पन्नास-साठ हजारांत "लायसन्स नको, नंबर नको" म्हणून ज्या गाड्या विकतात, त्यांपैकी अनेकींत लिथियमची नव्हे, शिशाची बॅटरी असते. बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या जोडून केलेला संच पायाखाली ठेवलेला असतो. नवी असताना ती चाळीस-पन्नास किलोमीटर जाते. दीड-दोन वर्षांत वीसवर येते, आणि मग संच बदलावा लागतो. आमच्या एका नातेवाइकांकडे असेच झाले. त्यांना संचाचे 13,000 रुपये द्यावे लागले. दोन वर्षांना 13,000 म्हणजे वर्षाला 6,500. जाऊ वर्षभरात पेट्रोलला 6,300 देते! म्हणजे पेट्रोल वाचवायला घेतलेल्या गाडीत नुसत्या बॅटरीचाच खर्च पेट्रोलइतका झाला, वीज वेगळीच.

अशा गाडीबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लायसन्स आणि नोंदणीची सूट फक्त 250 वॉटपर्यंतच्या मोटारीला आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच्या वेगाला आहे. दुकानदार "ही चाळीसने पळते, तरी नंबर लागत नाही" असे म्हणाला, तर ती गाडी सुटीत बसत नाही असे समजावे. अपघात झाला तर कागदाविना सगळा बोजा घरावर येतो.

लिथियमची गोष्ट वेगळी आहे. ती जास्त वर्षे टिकते, पण बदलायची वेळ आली तर खर्च पन्नास हजारांच्या घरात जातो. म्हणून गाडी घेताना रंग, स्क्रीन, गाणी यांच्याआधी बॅटरीच्या वॉरंटीचा कागद वाचावा. काही गाड्यांना ती 3 वर्षे असते, काहींना जादा पैसे भरून 8 वर्षे किंवा 80,000 किलोमीटरपर्यंत मिळते. त्यातही बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देणार, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. "70 टक्क्यांच्या खाली" असे लिहिले असेल तर शंभर किलोमीटर जाणारी गाडी सत्तरच्या खाली आली की हक्क सांगता येतो. असे काही लिहिले नसेल, तर बॅटरी पार बंद पडेपर्यंत "ठीक आहे" हेच उत्तर मिळण्याची भीती असते.

आता समजा, घरात गाडीच नाही आणि नवी घ्यायची आहे. आमच्या भागात पेट्रोल स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत 95,000 च्या आसपास पडते. आठ वर्षांच्या बॅटरी वॉरंटीसह चांगली लिथियमची गाडी 1,20,000 धरू. विजेच्या गाडीला आपल्या राज्यात मोटार वाहन कर माफ आहे, पण केंद्राचे अनुदान आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. 1 जून 2023 पासून ते मोठ्या प्रमाणात कमी झाले आणि पुढेही घटत गेले. म्हणून कोणी 2022 सालची किंमत सांगत असेल तर तो हिशेब आज धरू नये.

फरक 25,000 चा. वर्षाला 6,400 वाचले तर तो भरून निघायला चार वर्षे लागतात. पुढच्या चार वर्षांत आणखी 25,000 च्या वर वाचतात. पण आठ वर्षांनी पेट्रोलची गाडी विकली तर वीस हजार तरी येतील, आणि वॉरंटी संपलेल्या विजेच्या गाडीला गिऱ्हाईक मिळणे कठीण. ते वजा केले तर आठ वर्षांत हाती उरतात पाच-सहा हजार. थोडक्यात, रोज आठ किलोमीटर चालवणाऱ्या गृहिणीसाठी दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच पडतात. वॉरंटी फक्त तीन वर्षांची असेल आणि सहाव्या वर्षी बॅटरी गेली, तर विजेची गाडी सरळ तोट्यात जाते.

हेच गणित रोज वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे महिन्याला 600 किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिकेसाठी किंवा आशा कार्यकर्तीसाठी मांडून पाहा. पेट्रोल 15 लिटर, 1,575 रुपये. वीज 24 युनिट, 312 रुपये. महिन्याला 1,263 वाचले, वर्षाला पंधरा हजारांच्या वर. तिचे 25,000 दोन वर्षांच्या आत वसूल होतात आणि पुढची सहा वर्षे निव्वळ फायदा. आठ वर्षांत तिचे 57,600 किलोमीटर होतात, म्हणजे वॉरंटीच्या मर्यादेतच. गाडी तीच, गाव तेच, वीज तीच. बदलले ते फक्त किलोमीटर.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी व्याजही या हिशेबात धरावे. जावेसारखी बचत पाच-सहा हजारांची असेल, तर व्याजात ती केव्हाच निघून जाते. आपल्यातली अनेक घरे व्याज टाळून भिशीतून किंवा साठवून रोख गाडी घेतात. त्यांच्यासाठी 95 हजार आणि 1 लाख 20 हजार यांतला फरक कागदावरचा नसतो. ती रक्कम जमायला आणखी काही महिने थांबावे लागते, आणि त्या महिन्यांतही रिक्षाचे भाडे द्यावेच लागते.

गावाचाही विचार करावा लागतो. नांदेड शहरात गाडी बंद पडली तर कंपनीचे दुकान जवळ आहे. इस्लापूरहून नांदेड म्हणजे हिमायतनगर-भोकरवरून दोन-अडीच तासांचा रस्ता. एका चार्जमध्ये तेवढे अंतर जाण्याचा भरवसा नाही, आणि बंद पडलेली गाडी तर टेम्पोतच न्यावी लागते. पेट्रोल स्कूटरचा बेल्ट, केबल, प्लग इथला कोणताही मिस्त्री बदलून देतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर किंवा चार्जर गेला तर कंपनीच्या माणसाशिवाय काही होत नाही. घेण्याआधी दुकानदाराला एवढेच विचारावे: किनवट किंवा हिमायतनगरपर्यंत तुमचा माणूस येतो का, आणि आला नाही तर गाडी नेण्याचा खर्च कोणाचा?

दुसरी गोष्ट आमच्या उन्हाची. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, आणि लिथियम बॅटरीला सर्वात जास्त त्रास उष्णतेचाच होतो. दुपारी उन्हात उभी राहिलेली किंवा नुकतीच चालवून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-एक तास सावलीत थंड होऊ द्यावी. रोज आठच किलोमीटर चालवायची असेल तर रोज शंभर टक्के भरून ठेवण्याचीही गरज नाही. वीस-तीसपर्यंत उतरली की ऐंशी-नव्वदपर्यंत भरावी, बॅटरी जास्त दिवस टिकते. शिशाच्या बॅटरीचे उलटे आहे. ती अर्धी रिकामी ठेवली की खराब होते, म्हणून तिला वापरानंतर पूर्ण भरूनच ठेवावे लागते. गाडीसाठी पत्र्याची का होईना सावली आणि अर्थिंग असलेला जाड वायरचा वेगळा सॉकेट हवाच. खिडकीतून ओढलेली साधी एक्स्टेंशन वायर रात्रभर तापत राहते, आणि ते धोक्याचे आहे.

बॅटरी थकत आली हे ओळखायची खूणही सांगते. पूर्ण भरल्यावर आकडा हळूहळू, सारख्या चालीने उतरत असेल तर ठीक. चाळीसवरून एकदम पंधरावर पडत असेल, किंवा मागे कोणी बसले की चढावर गाडी अचानक मंदावत असेल, तर आतले काही सेल कमजोर झालेत असे समजावे. दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्जवर किती किलोमीटर गेली ते वहीत लिहून ठेवले, तर वॉरंटी मागताना तोंडी भांडण्यापेक्षा ती वही दाखवता येते.

आता जावेचे काय ठरले ते सांगते. तिची जुनी स्कूटर विकली असती तर 35,000 आले असते. विजेच्या गाडीसाठी वर 85,000 घालावे लागले असते. वर्षाला 6,400 वाचणार, म्हणजे घातलेले पैसे परत यायला तेरा वर्षे, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. दिराने आकडेमोड पुन्हा एकदा करून पाहिली, उत्तर तेच आले. तेव्हा तिने जुनीच गाडी ठेवली. वेळेवर ऑइल, टायरमध्ये दर पंधरा दिवसांनी हवा, आणि सकाळच्या तीन फेऱ्यांची एक फेरी. मुलांना सोडून येतानाच किराणा आणि दळण. यात इंजिन एकदाच थंड सुरू होते. पुढच्या महिन्याच्या वहीत 160 किलोमीटर आणि पावणेचार लिटर निघाले. सव्वाशेच्या वर रुपये वाचले, एक पैसाही न गुंतवता.

ही गाडी थकेल तेव्हा ती विजेची घेईलही. मुलगी तोवर ज्युनिअर कॉलेजला जाईल, किलोमीटर वाढतील, आणि मग गणिताचे उत्तरही बदलेल. तुमच्या घरचे उत्तर काय, हे वहीच सांगेल. महिन्याला 200 किलोमीटर किंवा त्याहून कमी आणि चालती गाडी घरात असेल तर तीच चालवा. नवीच घ्यायची असेल तर 300-350 किलोमीटरच्या पुढे विजेची गाडी खरोखर परवडू लागते, पण लिथियमची, आठ वर्षांच्या लेखी वॉरंटीची आणि दुरुस्ती हाताच्या अंतरावर असलेली.